घरात रोख किती ठेवायची? आधी किती दिवसांची सोय हवी ते ठरवा

पत्र

ताई, आम्ही चिपळूणला राहतो. घरात सासरे (वय ७४, एसटीतून निवृत्त, शुगर आणि बीपी आहे), सासूबाई, मी आणि शाळेत जाणारी मुलगी. मिस्टर मुंबईला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतात. २०२१च्या पुरानंतर सासऱ्यांनी बँकेतून थोडे थोडे काढत तळमजल्यावरच्या कपाटात तीन लाख रुपये रोख जमवले आहेत. ते म्हणतात, पुरात कार्ड चाटायचं का? मिस्टर म्हणतात, आता सगळं मोबाइलवर होतं, पाच हजारांच्या वर घरात ठेवूच नका. दोघांचं फोनवर वाजतं आणि मधे मी. महिन्याचा खर्च ३२ हजार, त्यातले वीजबिल, फी, रिचार्ज, विम्याचा हप्ता मिळून ११ हजार मिस्टर ऑनलाइन भरतात. मिस्टरांच्या पगाराच्या खात्यात दीड लाख आहेत, माझ्या खात्यात नऊ हजार, सासऱ्यांचे पतसंस्थेत एक लाख साठ हजार ठेव म्हणून. पेन्शन त्यांच्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात येते. नणंद पुण्याला असते. घरात नेमके किती ठेवावेत आणि बाकीचे कुठे?
— चिपळूणची एक वाचक

उत्तर

ताई, आकडा आधी सांगते. जून ते ऑक्टोबर चाळीस हजार, एरवी वीस-बावीस हजार. तुमच्या सासऱ्यांना हा कमी वाटेल आणि मिस्टरांना जास्त, म्हणून तो कसा काढला ते दोघांनाही वाचून दाखवा.

घरातली रोख ही वीज, नेटवर्क आणि एटीएम एकाच वेळी बंद असतील त्या दिवसांसाठी असते. तेवढंच तिचं काम. तसे दिवस किती येऊ शकतात, हे चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा वीज गेली, मोबाइल बंद पडले. अशा वेळी खात्यात दीड लाख असले काय आणि पंधरा लाख असले काय, दुधाची पिशवी त्यातून येत नाही. एरवी वाणी वहीत मांडून सामान देतो, पण पुरात त्याचंच दुकान पाण्यात असतं. तेव्हा उधारीवरही विसंबता येत नाही. इथे सासऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि मिस्टरांचे पाच हजार चिपळूणसाठी फार कमी आहेत.

आता हिशेब. बत्तीस हजारांतून ऑनलाइनचे अकरा वजा केले की एकवीस हजार उरतात, म्हणजे दिवसाला सातशे. पुरासाठी दहा दिवस धरा, सात हजार झाले. सासऱ्यांच्या महिन्याभराच्या गोळ्यांना तीन हजार, सिलिंडरला हजार. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला माणसं लागतात आणि ती रोजच्या रोज हातात पैसे मागतात. तळमजल्याच्या घराला मी आठ हजार धरते. एखाद्याला कराड किंवा रत्नागिरीला हलवायची वेळ आली तर गाडीला पाच हजार. झाले चोवीस. त्यात दवाखान्यात पहिल्या रात्री भरावे लागतात ते पंधरा हजार मिळवा, एकोणचाळीस होतात. वर हजार सुट्टे. हे झाले चाळीस.

दिवाळीनंतर पुराची भीती नसते. मग चिखलाचा, साठवायच्या गोळ्यांचा आणि सिलिंडरचा खर्च गेला, दहा दिवसांचे पाच झाले, म्हणजे साडेतीन हजार. गाडीचे पाचाचे तीन झाले, दवाखान्याचे पंधरा तसेच. साडेएकवीस हजारांत भागतं. गाडीचे, मजुरीचे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुम्हाला तुमच्या गल्लीतले दर माहीत असतील, ते घाला. पण ओळी याच ठेवा. प्रत्येक रकमेपुढे ती कशासाठी आहे हे लिहिलेलं असलं की "आणखी असावेत" या इच्छेला कुठेतरी कुंपण बसतं.

या चाळीस हजारांत नोटा कोणत्या असाव्यात, याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. सासऱ्यांच्या कपाटात बहुतेक पाचशेच्या गड्ड्या असतील. पुराच्या दुसऱ्या दिवशी कुणी ऐंशी रुपयांच्या मेणबत्त्या विकत असेल तर पाचशेचे सुट्टे त्याच्याकडे नसतात. मग एक तर मेणबत्ती मिळत नाही, नाहीतर पाचशेचं सामान घ्यावं लागतं. म्हणून वीस हजारच पाचशेच्या नोटांत ठेवा, दहा हजार दोनशेच्या, आठ हजार शंभरच्या आणि शेवटचे दोन हजार पन्नास-वीस-दहाच्या. सुट्ट्या नोटा बँकेत सकाळी गर्दी नसताना मागितल्या तर सहज मिळतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे एक काम करून टाका. आणि हो, गड्ड्या मोजताना गुलाबी दोन हजारच्या नोटा त्यात राहून गेल्या नाहीत ना, ते बघा. मे २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या चलनातून काढून घ्यायला सुरुवात केली. कायद्याने त्या अजून वैध आहेत, पण दुकानदार घेत नाहीत आणि साध्या बँकेत बदलूनही मिळत नाहीत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर, नागपूर अशा ठरावीक कार्यालयांत जावं लागतं किंवा पोस्टाने पाठवाव्या लागतात.

जागेचं सांगते. तळमजल्यावरचं कपाट सगळ्यात चुकीचं. माडी असेल तर माडीवर ठेवा, नसेल तर पुराच्या वेळी उचलायच्या पिशवीत, म्हणजे जिथे रेशनकार्ड, आधार, घराची कागदपत्रं असतात तिथे. दोन जाड प्लॅस्टिकच्या झिपच्या पाकिटांत अर्धे-अर्धे करून, दोन वेगळ्या जागी. कोकणातल्या दमट हवेत लाकडी कपाटातल्या नोटांना वाळवी लागते, म्हणून पाकिटं स्टीलच्या डब्यात घाला. देवघर, तांदळाचा डबा आणि गादीखालची जागा चोराला तुमच्याआधी माहीत असते.

एवढं करूनही नोटा भिजल्याच तर घाबरू नका. ओल्या गड्डीतल्या नोटा ओढून सोडवायला जाऊ नका, तशाच त्या फाटतात. गड्डी सावलीत, हवेशीर ठेवा, वरची सुकत आली की ती आपोआप सुटते, मग खालची. इस्त्री फिरवू नका आणि चिकटवायला डिंकही लावू नका. नुसती मळलेली, डागाळलेली नोट कुठल्याही बँकेत बदलून मिळते. तुकडे पडले असतील तर उरलेल्या तुकड्याच्या क्षेत्रफळावर हिशेब होतो. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सगळ्यात मोठा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे, त्याखाली काही नाही. म्हणून वाळवीने खाल्लेल्या नोटेचा चुरा झटकून टाकण्याआधी मोठे तुकडे जपून वेगळे काढा.

आता उरलेले दोन लाख साठ हजार. इथे मात्र मी सासऱ्यांच्या विरुद्ध आहे.

ते एसटीतले आहेत म्हणून त्यांना एक गोष्ट पक्की आठवत असेल. त्याच पुरात चिपळूण आगाराचे व्यवस्थापक आगाराची नऊ लाखांच्या आसपासची रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले होते. आगाराचे पैसे होते, कर्तव्य होतं, त्यांनी निभावलं. पण घरात दोन म्हातारी माणसं, एक लहान मुलगी आणि तुम्ही. पाणी चढताना तुमचे हात त्यांना धरायला मोकळे हवेत. तीन लाख कुणी आणि कसे उचलायचे, हा प्रश्न त्या रात्री पडायला नको. बँकेतल्या पैशाला पुराचं पाणी लागत नाही. शिवाय घरातली रोकड चोरीला गेली किंवा वाहून गेली तर घराच्या विम्यात सहसा ती धरलेली नसते. आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे लॉकरमध्ये रोख ठेवायला परवानगीच नाही.

"आजारपणाला लागतील" हे त्यांचं दुसरं कारण असणार. ते बरोबर वाटतं, पण मोठ्या आजारपणात रोकड कामाला येत नाही. एका आजारपणाच्या बिलापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला हॉस्पिटलला आयकर कायद्याने मनाई आहे. घेतली तर तेवढाच दंड हॉस्पिटलला होतो, त्यामुळे चांगलं हॉस्पिटल घेतच नाही. पहिल्या रात्रीचे पंधरा हजार रोख ठीक आहेत. त्यानंतरचे पैसे कार्डाने, यूपीआयने नाहीतर चेकनेच जाणार.

मग खरा प्रश्न असा येतो की ते पैसे देणार कोण? तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती गोष्ट हीच. घरात आजारी पडू शकणारी तीन माणसं तुमच्या सोबत आहेत, आणि तुमच्या स्वतःच्या हुकमतीत आहेत फक्त नऊ हजार. बाकीचं सगळं मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर आणि सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर. रात्री अडीच वाजता सासऱ्यांना दाखल केलं आणि मिस्टरांचा फोन लागला नाही तर? सासऱ्यांचे पैसे बँकेत असूनही ते आयसीयूत असताना तुम्हाला काढता येणार नाहीत. तुम्ही त्यांच्या खात्याला नॉमिनी म्हणून लागलेल्या असलात तरीही नाही, कारण नॉमिनीचं काम खातेदाराच्या पश्चात सुरू होतं. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची सोय बँकांत आहे, पण त्यातला एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. ते काम दिवसा होतं आणि वेळ खातं. कार्डाचा पिन माहीत असला म्हणून दुसऱ्याचं कार्ड वापरणंही बरं नव्हे. उद्या काही गडबड झाली तर बँक हात वर करते.

म्हणून दोन लाख साठ हजारांची व्यवस्था अशी करा. सासऱ्यांचं पेन्शनचं खातं जसं आहे तसं, त्यांच्या एकट्याचं राहू द्या. त्याच बँकेत सासरे आणि तुम्ही असं दुसरं, जोड-खातं उघडा आणि फॉर्मवर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" हा पर्याय निवडा. म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकेल. तुमच्या नावाचं कार्ड घ्या, तुमच्या मोबाइलवर यूपीआय सुरू करा. एक लाख रुपये बचत खात्यातच मोकळे राहू द्या. उरलेल्या एक लाख साठ हजारांच्या चाळीस-चाळीस हजारांच्या चार मुदत ठेवी करा, पहिलं नाव सासऱ्यांचं ठेवा म्हणजे ज्येष्ठ नागरिकांचं थोडं जास्त व्याज मिळेल. चार यासाठी की गरज चाळीसची असेल तर एकच मोडावी लागते, बाकी तिघींचं व्याज चालू राहतं. इथे एक अडचण लक्षात ठेवा. जोड-ठेव मुदतीआधी मोडताना बऱ्याच बँका दोघांच्याही सह्या मागतात, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" लिहिलेलं असलं तरी. काही ठिकाणी ठेव करतानाच तशी वेगळी लेखी संमती देता येते, ती विचारून घ्या. तोवर मोकळे लाख रुपये हेच तुमचे रात्रीचे पैसे समजा.

जोड-खात्याला सासऱ्यांचं मन कचरलं तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही एकट्या सगळे पैसे काढू शकाल, ही गोष्ट खरीच आहे, आणि म्हणूनच पेन्शन त्यात घालू नका म्हणते. नणंदेलाही आधीच फोन करून सांगा. उद्या सासऱ्यांच्या मागे बँक खात्यातली रक्कम तुम्हाला देईल, पण त्यामुळे बाकीच्या वारसांचा हक्क संपत नाही. हे आज बोलून ठेवलेलं बरं.

कार्ड आणि यूपीआय मिळाल्यावर मर्यादा तपासा. साध्या कार्डावर एटीएममधून दिवसाला काढता येणारी रक्कम बरीच कमी असते, दुकानात किंवा हॉस्पिटलात कार्ड घासण्याची मर्यादा वेगळी असते. यूपीआयने एरवी दिवसाला एक लाख जातात, हॉस्पिटलच्या बिलाला ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने पाच लाखांपर्यंत वाढवून दिली आहे, पण तुमच्या बँकेने किती ठेवली आहे ते ॲपमध्ये बघा. पुरात फोन गेला आणि नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं, तर पहिले चोवीस तास सहसा पाच हजारांच्या वर पाठवता येत नाहीत. तेव्हा कार्ड कामाला येतं, म्हणून कार्ड त्या पुराच्या पिशवीत ठेवा. पिन मात्र पिशवीत नको.

तुमचं ते नऊ हजारांचं खातं बंद करू नका. ते दुसऱ्या बँकेत असेल तर फारच चांगलं. मिस्टरांना सांगून त्यात पंचवीस-तीस हजार कायम राहतील असं बघा. दोन बँका हव्यात याचं कारण मुंबईकरांना विचारा. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढायला परवानगी होती. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना तर पहिले काही दिवस काहीच काढता येत नव्हतं. बँकेतल्या ठेवींना माणशी, एका बँकेत, पाच लाखांपर्यंत विमा असतो आणि निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत ते पैसे मिळण्याची तरतूद आहे. पैसे बुडत नाहीत, पण ते नव्वद दिवस काढायला दुसऱ्या बँकेतलं खातं लागतं.

आणि तो विमा पतसंस्थेला नाही. हे मी ठळकपणे सांगते, कारण नाव, पासबुक, काउंटर सगळं बँकेसारखं दिसतं आणि व्याज थोडं जास्त असतं, त्यामुळे माणसं पतसंस्थेलाही बँकच समजतात. सहकारी बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. तुमच्या सासऱ्यांची पतसंस्था उत्तम चाललेली असेलही, मी तिच्याबद्दल काही म्हणत नाही. पण आणीबाणीचे पैसे तिथे नकोत. मुदत कधी संपते ते पावतीवर बघा, संपली की निदान एक लाख बँकेत आणा. आज मोडून व्याज घालवायची गरज नाही.

घरातली रोकड बँकेत भरायला सासरे कचरत असतील, की आयकरवाले विचारतील. घरात किती रोख ठेवावी याला कायद्याने मर्यादा नाही, पैसे कुठून आले हे सांगता आलं पाहिजे. त्यांनी ते पेन्शनच्या खात्यातून काढलेत, पासबुकात एकेक नोंद आहे, याहून चांगला पुरावा कुठला? मोठी रोख भरताना बँकेने पॅन मागितलं तर ते द्या. पॅन टाळायला रकमेचे तुकडे करून भरू नका. सरळ पैसे विनाकारण वाकडे दिसतात. महिन्याला ठरावीक रकमेच्या वर रोख भरली तर काही बँका शुल्क लावतात, तेवढं आधी काउंटरवर विचारून घ्या, हवं तर दोन महिन्यांत विभागून भरा. पासबुकाच्या त्या पानांच्या झेरॉक्स मात्र जपून ठेवा.

सासऱ्यांशी बोलायची जबाबदारी मिस्टरांवर टाकू नका, त्यांचं आधीच वाजलेलं आहे. तुम्हीच बोला, आणि "बाबा, कपाटातले पैसे काढा" अशी सुरुवात करू नका. त्यांना पुराचा हिशेब करायला बसवा. दहा दिवसांचं दूध, भाजी, गोळ्या, चिखलाची मजुरी हे सगळं त्यांनी तुमच्यापेक्षा जवळून पाहिलंय, आकडे तेच नीट सांगतील. बेरीज पन्नास हजार निघाली तर पन्नास ठेवा, दहा हजारांवरून ताणू नका. घरातल्या पाकिटांची जबाबदारी त्यांच्याकडेच राहू द्या, फक्त दुसरं पाकीट कुठे आहे हे तुम्हाला आणि सासूबाईंना माहीत हवं. सगळे एकदम भरायलाही लावू नका. आधी एक लाख जोड-खात्यात टाका, मग त्यांना सोबत घेऊन तुमच्या कार्डाने एटीएममधून दोन हजार काढून त्यांच्या हातात द्या. त्यांच्या डोळ्यांदेखत हे दोन-तीन वेळा झालं की बाकीच्या गड्ड्या ते स्वतःच बँकेत घेऊन जातील असं मला वाटतं. हे मे महिन्यात उरकलं तर जूनच्या आधी कार्डही हातात येईल.